न्यूटनच्या हिशेबातली तूट

आयझॅक न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली छापून झाला, त्यात ग्रहगोलांच्या बरोबरीने ध्वनीच्या वेगाचाही हिशेब होता. तोफ उडवायची नाही, घड्याळ लावायचे नाही. हवेचा दाब किती आणि तिची घनता किती एवढ्या दोन गोष्टींवरून आवाज सेकंदाला किती फूट जाईल हे कागदावर काढायचे, असा तो हिशेब. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे उत्तर आले ९७९ फूट. प्रत्यक्ष मोजणीचा त्या वेळी सर्वांत विश्वासार्ह मानला गेलेला आकडा होता ११४२ फूट. म्हणजे १६३ फुटांची तूट. न्यूटनच्या आकड्याचा जवळजवळ नेमका सहावा हिस्सा. ही तूट का पडते याचे खरे उत्तर छापून यायला १८०२ साल उजाडले आणि त्याला सूत्राचे रूप मिळाले १८१६ मध्ये.

शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांत हा सगळा इतिहास दोन ओळींत उरकला जातो. ध्वनीची कंपने इतकी जलद असतात की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळ मिळत नाही. म्हणून लाप्लासने न्यूटनच्या सूत्रात γ हा गुणक घातला. इति. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर नाही. जुनी पुस्तके गोळा करून, समीकरणे पुन्हा पुन्हा उतरवून काढत जे समजले तेवढेच माझे भांडवल. पण या दोन ओळींपाशी मी बरीच वर्षे अडखळत होतो. त्यांतली दुसरी बरोबर आहे. पहिली मात्र अर्धीच खरी आहे, आणि तिच्यावर विसंबून पुढे गेले तर निष्कर्ष चक्क उलटा निघतो. तो कसा, हे सांगण्यासाठी आधी न्यूटनचा हिशेब पाहायला हवा.

न्यूटनची कल्पना अशी. हवा ही स्प्रिंगसारखी आहे. एक थर दाबला की तो पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला. ही ढकलाढकल किती वेगाने पुढे सरकेल हे दोन गोष्टींवर ठरते : स्प्रिंग किती ताठ आहे आणि जे हलवायचे ते किती जड आहे. ताठपणा वाढला की वेग वाढणार, जडपणा वाढला की घटणार. हवेचा ताठपणा म्हणून न्यूटनने तिचा दाब घेतला, जडपणा म्हणून घनता, आणि भागाकाराचे वर्गमूळ काढले. आजच्या चिन्हांत

v = √(P/ρ)

त्याने मात्र हे वेगळ्या, मोठ्या देखण्या रीतीने मांडले. वायुभारमापकातला पारा ३० इंच उंच असतो. पारा हवेपेक्षा किती पट जड? न्यूटनने धरले ११,८९० पट. म्हणजे वातावरण वरपर्यंत सारख्याच घनतेचे असते, तर ३० इंच पाऱ्याला तोलून धरायला ३० गुणिले ११,८९० इंच, म्हणजे २९,७२५ फूट उंचीचा हवेचा खांब लागला असता. या उंचीच्या निम्म्यातून एखादा दगड खाली पडला तर शेवटी त्याला जो वेग येईल, तोच ध्वनीचा वेग. गुणाकार-वर्गमूळ करून पाहा, ९७९ च्याच आसपास उत्तर येते. हिशेबात कुठेही चूक नाही. पुढे लाग्रांज आणि ऑयलर यांनी १७५९ च्या सुमारास अधिक पक्क्या गणिताने हाच प्रश्न पुन्हा सोडवला, तेव्हाही तेच उत्तर आले. गणित निर्दोष आणि उत्तर मात्र सहाव्या हिश्शाने कमी, हे जास्त छळणारे होते.

न्यूटनने पहिल्या आवृत्तीच्या वेळी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लांब ओवरीत प्रतिध्वनी ऐकून, लंबकाची लांबी कमी-जास्त करत वेग मोजला होता. ती मोजणी इतकी ढोबळ होती की तिच्यात कुठलेही उत्तर सहज बसावे. पण १७०८-०९ मध्ये अपमिन्स्टरचा पाद्री विल्यम डेरहॅम याने आपल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफांचा जाळ दुर्बिणीतून पाहून, आवाज येईपर्यंतचा काळ अर्ध्या सेकंदाच्या लंबकाने मोजून ११४२ हा आकडा प्रसिद्ध केला. आता गप्प बसणे शक्य नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. तो म्हणाला, हवेचे कण स्वतः घन आहेत आणि घन कणाच्या आरपार ध्वनी क्षणात जातो. कणाचा व्यास हा दोन कणांतल्या अंतराच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतका धरला, की ९७९ चा नववा भाग म्हणजे १०९ फूट वाढतात; झाले १०८८. शिवाय हवेत बाष्प असते आणि ते या हालचालीत भाग घेत नाही. दहा भाग हवेला एक भाग बाष्प धरले, की वेग २१ ला २० या प्रमाणात वाढतो. १०८८ ला २१ ने गुणून २० ने भागा : ११४२. फुटाचाही फरक नाही!

रिचर्ड वेस्टफॉल या न्यूटनच्या चरित्रकाराने १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहून न्यूटनच्या अशा जुळवाजुळवीचा समाचार घेतला. मला त्यातली एक गोष्ट अधिक मौजेची वाटते. डेरहॅमचे ११४२ फूट म्हणजे सेकंदाला ३४८ मीटर. एवढा वेग यायला हवा जवळपास तीस अंश सेल्सिअसची लागते, आणि अशी हवा इंग्लंडात वर्षातून किती दिवस असणार? पंधरा अंशांच्या हवेत खरा वेग साधारण १११६ फूट असतो. म्हणजे न्यूटनने आपले उत्तर ज्या आकड्याशी इतके तंतोतंत जुळवले, तो आकडाच थोडा फुगलेला होता.

मग खरी तूट कुठे होती? न्यूटनने हवेचा ताठपणा म्हणजे तिचा दाब असे धरले, तिथे. हे गृहीतक बॉइलच्या नियमातून आलेले आहे : हवा निम्म्या जागेत कोंबली की दाब दुप्पट होतो. आकारमान एक टक्का कमी केले, तर दाब एक टक्का वाढतो. पण बॉइलचे प्रयोग वाकड्या काचनळीत पारा ओतत, सावकाश चाललेले. दाबलेली हवा मध्ये थोडी गरम झालीच, तरी काचेला उष्णता देऊन ती पुन्हा खोलीच्या तापमानाला येणार, आणि त्यानंतर माणूस पट्टीवरचा आकडा वाचणार. अशा बदलाला 'आयसोथर्मल' म्हणतात; आपण समतापी म्हणू. न्यूटनचा त्यात दोष काढता येत नाही. हवेच्या स्प्रिंगविषयी त्याच्या काळात दुसरा नियमच उपलब्ध नव्हता. लाग्रांजच्या मनात येऊन गेले होते की दाब घनतेपेक्षा अधिक वेगाने वाढत असेल तर तूट भरून निघेल, पण बॉइलचा नियम तर प्रयोगसिद्ध, म्हणून त्याने तो विचार सोडून दिला.

सायकलमध्ये हवा भरणाऱ्याला जे ठाऊक असते ते इथे कामी येते. पाचपन्नास दणके दिले की पंपाचे बूड हाताला चटका देते. तिथे दट्ट्याचे घर्षणही असते, पण मुख्य कारण हवेचे दाबले जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये या गोष्टीचे कौतुक होते. एका बाजूने बंद असलेल्या नळीत दट्ट्या एकदम दाबून आतला कापूस पेटवून दाखवीत. लाप्लासने हा धागा पकडला. ध्वनीच्या लाटेत हवा जिथे दाबली जाते तिथे ती गरम होणारच, आणि ती उष्णता तिथून हलली नाही तर दाब बॉइलच्या नियमापेक्षा जास्त चढणार. स्प्रिंग अधिक ताठ, म्हणून आवाज अधिक वेगवान. त्याच्या सूचनेवरून तरुण बियोने १८०२ मध्ये हा विचार प्रथम लेखातून मांडला. उष्णतेची ये-जा बंद असलेल्या या बदलाला पुढे 'ॲडियाबॅटिक' नाव मिळाले. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आरपार न जाता येणारे'. मी त्याला उष्णताबंद म्हणतो.

ताठपणा नेमका किती वाढतो, याचा हिशेब आज अगदी सोप्या रीतीने करता येतो. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू दोन-दोन अणूंचे. अशा रेणूला ऊर्जा साठवायला पाच खण असतात : तीन दिशांना धावण्याचे तीन आणि गिरक्या घेण्याचे दोन. त्यामुळे P दाबाच्या आणि V आकारमानाच्या हवेतली एकूण ऊर्जा असते अडीच गुणिले PV. आता ही हवा एक टक्का दाबा. दाबताना आपण केलेले काम म्हणजे दाब गुणिले घटलेले आकारमान, अर्थात PV चा एक टक्का. उष्णता बाहेर जात नसेल तर हे सगळे काम हवेच्या ऊर्जेत जमा होणार. अडीचमध्ये एक शतांश मिळवला, म्हणजे ऊर्जा ०.४ टक्के वाढली, आणि तापमानही तेवढेच. जागा आकसल्यामुळे दाब एक टक्का वाढला, गरम झाल्यामुळे आणखी ०.४ टक्के. एकूण १.४. हाच तो γ :

v = √(γP/ρ)

शून्य अंश तापमानाला दाब १,०१,३२५ पास्कल आणि घनता घनमीटरला १.२९३ किलो. न्यूटनच्या सूत्राने वेग येतो २८० मीटर, १.४ चे वर्गमूळ, म्हणजे १.१८३ ने गुणले की ३३१. प्रत्यक्ष मोजणी तेच सांगते. घनकण नकोत की बाष्प नको.

इथे एक रास्त शंका येते. साध्या बोलण्याने हवा तापते तरी किती? समोरासमोरच्या संभाषणात दाबाचा चढउतार पास्कलच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. त्यातून तापमानात पडणारा फरक अंशाच्या सुमारे साठ हजाराव्या भागाचा. इतक्या क्षुल्लक तापण्याने वेग अठरा टक्के कसा बदलेल? उत्तर असे की लाटेतला दाबाचा फरक स्वतःही तितकाच क्षुल्लक असतो. आवाज कितीही हळू असो, दाब दाबण्यामुळे जेव्हा एक भाग वाढतो तेव्हा तापण्यामुळे ०.४ भाग वाढतोच. वेग ठरतो तो या प्रमाणावर. तापमान किती चढले हा प्रश्नच नाही. म्हणूनच कुजबुज आणि आरोळी एकाच वेगाने पोहोचतात.

रेणूंच्या खणांची ही भाषा अर्थात लाप्लासची नव्हती. तो उष्णतेला 'कॅलरिक' नावाचा एक अदृश्य द्रव मानत होता. हवा दाबली की भिजल्या फडक्यातून पाणी निघावे तसा हा द्रव बाहेर येतो, अशी त्याची समजूत. ती पुढे टाकून द्यावी लागली. तिच्या आधारे उभे केलेले सूत्र तेवढे टिकले. कारण सूत्राला एवढेच हवे होते की एकाच हवेचे दोन विशिष्ट उष्मा असतात, एक दाब कायम ठेवून मोजलेला आणि दुसरा आकारमान कायम ठेवून मोजलेला, आणि त्यांच्या गुणोत्तराने न्यूटनच्या वेगाचा वर्ग गुणायचा. १८१६ च्या छोट्या टिपणात लाप्लासने देलारोश आणि बेरार यांच्या मोजणीवरून हे गुणोत्तर १.५ धरले. सहा अंश तापमानाला न्यूटनचे सूत्र २८२.४ मीटर देत होते, ते वाढून ३४५.९ झाले. पॅरिसच्या अकादमीने १७३८ मध्ये केलेल्या मोजणीवरून त्या तापमानाला वेग होता ३३७.२. तूट गेली आणि थोडी वाढ आली! तरी लाप्लासने जुळवाजुळव केली नाही. γ ची मोजणी अजून पक्की नाही, एवढेच त्याचा अर्थ, आणि ती दुरुस्त करायला आवाजाशी संबंध नसलेला प्रयोग हवा होता.

तो प्रयोग क्लेमां आणि देझोर्म यांनी केला आणि १८१९ मध्ये प्रसिद्ध केला. आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत तो करतात. काचेची एक मोठी बुधली, वीस-तीस लिटरची. तिला एक रुंद तोंडाची तोटी आणि दाब दाखवणारी पाण्याची नळी. मूळ प्रयोगात थोडी हवा काढून घेतली होती, आता बहुधा थोडी जास्त भरतात. समजा नळीत १४ सेंटिमीटर फरक दिसेपर्यंत हवा भरली आणि ती थंड होऊ दिली. मग तोटी फटकन उघडून लगेच बंद केली. भस्सकन हवा बाहेर पडली आणि आतला दाब बाहेरच्याएवढा झाला. पण उरलेली हवा एकदम पसरल्यामुळे गार पडली आहे. आता पाच-दहा मिनिटे वाट पाहायची. काच तिला हळूहळू उष्णता देते, नळीतले पाणी पुन्हा चढू लागते आणि, समजा, ४ सेंटिमीटरवर थांबते. यातून काय कळले? ती हवा जेवढी पसरली तेवढीच जर तिने समतापी राहून पसरायची असती, तर दाब १४ वरून ४ वर, म्हणजे १० ने उतरला असता. उष्णता बंद असताना मात्र तो १४ ने उतरला. १४ भागिले १० म्हणजे १.४.

या प्रयोगात बिघाड होतो तो तोटीपाशी. ती बंद करायला जरा उशीर झाला, की तोंड उघडे असतानाच काच आपले काम सुरू करते. गार हवा तेवढ्यात थोडी तापते, फुगते, आणि तो फुगवटा बाहेर निघून जातो. मग पाणी ४ ऐवजी ३ वर थांबते आणि उत्तर १४ भागिले ११, म्हणजे १.२७ येते. वारंवार १.४ च्या खालीच उत्तर येत असेल तर हात मंद आहे असे खुशाल समजावे. क्लेमां-देझोर्म यांचे उत्तर १.३५ च्या आसपास आले होते. गे-ल्युसॅक आणि वेल्टर यांनी सुधारून केलेल्या प्रयोगात ते १.३७ पर्यंत पोहोचले. लाप्लासने ते घेतले. १८२२ मध्ये अरागो, गे-ल्युसॅक, हुंबोल्ट आदी मंडळींनी व्हिलझुईफ आणि मोंलेरी या पॅरिसजवळच्या दोन ठिकाणी तोफा उडवून सुमारे सोळा अंशांना वेग ३४१ मीटर मोजला. लाप्लासचे सूत्र ३३७ देत होते. उरलेला फरक बुधलीतून आलेला होता.

याच सुमारास आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेतला जॉन गोल्डिंगहॅम फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट इथल्या रोजच्या तोफांचा जाळ आणि आवाज यांतला काळ टिपत होता. घारापुरीच्या लेण्यांवर 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लिहिणारा गोल्डिंगहॅम तो हाच. त्याचा लेख १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. सूत्रातल्या P/ρ या भागाकाराला फक्त तापमान कळते. वायुभारमापक चढला-उतरला तरी दाब आणि घनता एकाच प्रमाणात बदलतात आणि वेग तसाच राहतो. म्हणून गार महिने आणि तापलेले महिने यांत फरक दिसायला हवा, आणि मद्रासच्या टिपणांत तो दिसला.

आता मूळ प्रश्नाकडे. दाबल्या गेलेल्या हवेची उष्णता तिथेच का राहते? पुस्तक म्हणते, कंपने जलद म्हणून. तसे असेल तर कंपने जितकी मंद, तितकी उष्णतेला सवड जास्त. म्हणजे ढोलाचा खर्ज समतापी वागायला हवा आणि सनईचा तार स्वर उष्णताबंद. खर्ज न्यूटनच्या वेगाने जाईल, तार स्वर लाप्लासच्या. मिरवणूक ३४० मीटर दूर असेल तर सनई एका सेकंदात कानी येईल आणि तिच्यासोबत पडलेली ढोलाची थाप सेकंदाच्या जवळजवळ पाचव्या भागाने मागून. असे काही कुणी ऐकलेले नाही. बियोने तर पॅरिसच्या पाण्याच्या लोखंडी नळांच्या साडेनऊशे मीटर लांब रांगेच्या एका टोकाला बासरी वाजवून घेतली आणि दुसऱ्या टोकाला ऐकली. स्वर आपल्या जागी, लय शाबूत.

खरी गोष्ट अशी की उष्णतेला जायचे असते कुठे, हे विचारायचे राहून जाते. लाटेत एक पट्टा दाबलेला, म्हणून गरम. पुढचा विरळ, म्हणून गार. गरम पट्ट्याच्या मध्यापासून गार पट्ट्याच्या मध्यापर्यंत अर्धी तरंगलांबी. तेवढे अंतर उष्णतेने अर्ध्या कंपनाच्या काळात तोडले पाहिजे. कारण त्यानंतर गरम पट्टा आपोआप पसरून गार होतो आणि दाबताना घेतलेले काम परत करतो. स्थिर हवेत उष्णता फार रेंगाळत चालते. एका सेकंदात ती साडेचार मिलिमीटर पसरते. आणि तिची चाल काळाच्या वर्गमुळाने वाढते : दुप्पट अंतराला चौपट वेळ, दहापट अंतराला शंभरपट.

हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातला, सेकंदाला ३४० कंपनांचा एखादा स्वर घ्या. तरंगलांबी एक मीटर, म्हणजे उष्णतेला अर्धा मीटर जायचे आहे. वेळ आहे सेकंदाचा ६८० वा भाग. तेवढ्यात ती सरकते ०.१७ मिलिमीटर, गरजेच्या तीन हजाराव्या हिश्शाएवढी. अर्धा मीटर जायला तिला साडेतीन तास लागतील. आता ऐकू येणारा सर्वांत खालचा स्वर घ्या, २० कंपनांचा. वेळ सतरापट मिळाला, म्हणून उष्णता चौपट लांब गेली, ०.७ मिलिमीटर. पण तिचा मुक्काम सतरापट दूर सरकला आहे, साडेआठ मीटरवर. गाठले ते बारा हजाराव्या हिश्शाएवढेच. खर्ज समतापी होण्याऐवजी अधिकच उष्णताबंद झाला! उलट १७,००० कंपनांच्या अतितार स्वरात पट्टे एकेका सेंटिमीटरवर येतात आणि उष्णता त्याच्या चारशेव्या हिश्शाएवढी सरकते. म्हणजे गळती तार स्वरात जास्त. पुस्तकातली 'जलद म्हणून' ही ओळ इथे उलटी पडते. ध्वनी उष्णताबंद आहे तो लाटेचे गरम आणि गार पट्टे एकमेकांपासून फार दूर असतात म्हणून.

मग कंपने वाढवत नेली तर कधीतरी न्यूटन खरा ठरेल? हिशेब करून पाहिला तर उष्णतेची चाल अर्ध्या तरंगलांबीएवढी व्हायला सेकंदाला सुमारे तीन अब्ज कंपने लागतात. त्या ठिकाणी तरंगलांबी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाजवळ येते, आणि हवेचा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी साधारण तेवढाच मोकळा धावतो. तिथे दाब आणि घनता या शब्दांनाच अर्थ उरत नाही, लाटही उरत नाही. उघड्या हवेत समतापी ध्वनी नावाची चीज नाही ती यामुळे.

आणखी एक वाट उरते : उष्णता वहनाने जात नसेल, पण प्रारणाने, तापलेल्या वस्तूची धग दूर लागते तशी, निसटत असेल तर? जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये हा प्रश्न घेतला आणि आकडेमोडीपेक्षा युक्तिवादाने सोडवला. उष्णता मुळीच निसटत नसेल तर हवेची स्प्रिंग दाबताना घेतलेले सारे परत देते. लगोलग पूर्ण निसटत असेल तरी देते. पण अर्धवट, कंपनाच्या काळाच्या तोडीने निसटत असेल, तर दाबताना हवा गरम आणि ताठ असते, पसरायची वेळ येईतो थोडी निवून ढिली झालेली असते. प्रत्येक हेलकाव्यात घेतलेल्यापेक्षा कमी परत मिळते. असा आवाज काही तरंगलांब्यांतच विझून जाईल. डेरहॅमला तर बारा मैलांवरच्या तोफा ऐकू येत होत्या. तेव्हा ध्वनी दोहोंपैकी एका टोकाला आहे, अधेमधे नाही, आणि वेगाचे मोजमाप सांगते की ते टोक लाप्लासचे.

γ एकदा असा वेगाशी बांधला गेल्यावर लोक उलट दिशेनेही जाऊ लागले. १८९५ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांच्यापुढे ऑरगॉन हा नवा वायू होता. तो कशाशीच संयोग पावत नसल्याने त्याच्या रेणूत अणू किती हे रसायनशास्त्र सांगू शकत नव्हते. नळीत त्या वायूतून जाणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी मोजली, तिच्यावरून वेग आणि वेगावरून γ काढला. तो १.४ न येता १.६६ च्या जवळ आला. गिरक्यांचे खण नाहीत, धावण्याचे तीनच. म्हणजे रेणू एकाच अणूचा.

न्यूटनचे सूत्र जिथे लागू पडते अशी एक घरगुती जागा मात्र आहे. बंद खोक्याच्या लाउडस्पीकरमध्ये आत कापसासारखी तंतुमय भर घातलेली असते. तिचे एक काम आतला घुमारा शोषण्याचे. दुसरे असे की तंतू एकमेकांपासून मिलिमीटरच्या अंशावर असतात, म्हणजे उष्णतेला साडेआठ मीटर जायचे नसते, शेजारच्या तंतूपर्यंत पोहोचले की पुरते. खालच्या स्वरांच्या संथ दाबात तेवढी सवड तिला मिळते. इथे, आणि इथेच, सावकाशपणा उपयोगी पडतो, कारण अंतर आता लाट ठरवीत नाही, तंतू ठरवतात. हवा तापली की तंतू उष्णता घेतात, गार पडली की परत देतात. हवेची स्प्रिंग ढिली होते आणि खोके आहे त्यापेक्षा मोठे असल्यासारखे वागते. सिद्धान्ताप्रमाणे ही वाढ १.४ पटींपर्यंत जाऊ शकते; प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते, कारण तंतूही थोडी जागा अडवतात आणि वरच्या स्वरांत उष्णतेला पुन्हा वेळ अपुरा पडतो. भर जास्त ठासली तर फायदा घटत जातो, म्हणून खोकी बनवणारे ती विंचरून, मोकळी करून भरतात.